व्हिडिओचा आवाज फक्त डाव्या कानात येतोय? चित्राला हात न लावता तो दोन्हीकडे कसा आणायचा

दिवाळीत माझ्या भाच्याने आमच्या आत्याआजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. आजी ब्याऐंशी वर्षांची आहे, अकोले तालुक्यात राहते, आणि जातं आता रोज कुणी फिरवत नाही त्यामुळे मुद्दाम माळ्यावरून खाली काढून, धुऊन, टाकी लावून मग ती दळायला बसली. कॅमेरा, ट्रायपॉड, पदराला कॉलर माईक, सगळं व्यवस्थित होतं. तेवीस मिनिटांचा व्हिडिओ झाला, सगळ्यांनी फोनवर बघितला, छान आहे म्हणाले, आणि मग नाशिकहून थोरल्या काकांचा फोन आला की अगं यात आवाजच नाहीये.

काकांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. ते एकच इअरफोन उजव्या कानात घालतात. बाकी सगळ्यांनी फोनच्या स्पीकरवर ऐकलं होतं, आणि एकच स्पीकर असलेला फोन डावं-उजवं एकत्र करून वाजवतो म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, आवाज जरा बारीक आहे एवढंच वाटलं होतं. फाईलमध्ये आवाज फक्त डाव्या चॅनलमध्ये होता आणि उजवा रिकामा.

हे खूप कॉमन आहे. घरी मुलाखत घेणारे, क्लासचे लेक्चर रेकॉर्ड करणारे, कीर्तन-भजनाचं शूटिंग करणारे, सगळ्यांकडे कधी ना कधी अशी फाईल येतेच. चांगली गोष्ट ही की डावीकडे आवाज नीट आला असेल तर काहीही गेलेलं नसतं, पाच मिनिटांचं काम आहे आणि व्हिडिओची क्वालिटी जरासुद्धा कमी होत नाही. मी खाली आजीच्याच फाईलवर जे केलं ते जसंच्या तसं सांगते. कमांड वगैरे कधी वापरली नसेल तरी घाबरू नका, कॉपी-पेस्ट करून फक्त फाईलचं नाव बदलायचंय.

आधी खात्री करा की दोष फाईलमध्येच आहे

इअरफोन उलटे घालून बघा, म्हणजे डाव्याचा उजव्या कानात आणि उजव्याचा डाव्या कानात. ज्या तुकड्यातून आवाज येत होता तो आता दुसऱ्या कानात गेला तर कानाचा प्रश्न नाही एवढं कळलं. मग त्याच इअरफोनवर दुसरं कुठलंही गाणं लावा. ते दोन्हीकडे वाजलं तर इअरफोनही ठीक आहेत, फोनच्या सेटिंगमधला डावं-उजवं बॅलन्स पण ठीक आहे, आणि दोष आपल्या फाईलचाच आहे.

कॉम्प्युटरवर व्हीएलसी असेल तर आणखी एक सोपी टेस्ट आहे. व्हिडिओ लावा, वरच्या मेन्यूत `Audio` मध्ये जा, तिथे `Stereo Mode` मध्ये `Left` निवडा. व्हीएलसी डावा चॅनल दोन्ही कानात वाजवतो. आता ऐकायला जे येतंय तेच आपल्याला शेवटी मिळणार आहे, त्यामुळे एकदा इथेच निवांत ऐकून घ्या. यात फाईल बदलत नाही, फक्त वाजवताना फरक पडतो, म्हणजे दुसऱ्याला पाठवली की त्याच्याकडे परत एका कानातच येणार.

अजून एक, ओरिजिनल फाईल मागून घ्या. भाच्याने मला आधी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला होता, त्यात चित्र आणि आवाज दोन्ही दाबून लहान केलेलं असतं. कॅमेऱ्याच्या कार्डावरची फाईल ड्राइव्हवर टाक म्हटलं, ती साधारण तीन जीबीची निघाली. कामाला तीच घ्यायची, आणि तिची एक कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून तिला अजिबात हात लावायचा नाही.

हत्यार: एफएफएमपेग

हा फुकट प्रोग्रॅम आहे, याला खिडकी-बटणं काही नाहीत, काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायची. मी हाच सुचवते कारण हा चित्राला हात न लावता नुसता आवाज बदलू शकतो. बहुतेक एडिटिंगच्या ॲपमध्ये एक्सपोर्ट केलं की अख्खा व्हिडिओ परत नव्याने बनतो, वेळ लागतो आणि चित्र थोडं का होईना खराब होतं.

विंडोजवर स्टार्ट मेन्यूत `cmd` टाइप करून काळी खिडकी उघडा आणि हे टाका:

```
winget install Gyan.FFmpeg
```

इन्स्टॉल झालं की ती खिडकी बंद करून नवीन उघडा, नाहीतर त्याला नवीन प्रोग्रॅम सापडत नाही आणि लोक तिथेच अडकतात. मॅकवर होमब्रू असेल तर `brew install ffmpeg`, उबुंटूवर `sudo apt install ffmpeg`.

आता एक नवीन फोल्डर बनवा, व्हिडिओची कॉपी त्यात टाका आणि नाव साधं ठेवा, स्पेस नको, मराठी अक्षरं नकोत. मी `ovya.mp4` ठेवलं. विंडोजमध्ये ते फोल्डर उघडून वरच्या ॲड्रेसच्या पट्टीत `cmd` लिहून एंटर मारलं की काळी खिडकी थेट त्याच फोल्डरमध्ये उघडते, मग लांबलचक पत्ते टाइप करावे लागत नाहीत.

उजव्या चॅनलमध्ये नक्की काय आहे ते मोजा

ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग चुकतात, म्हणून इथे जरा थांबते. उजवीकडे काही ऐकू येत नाही याचा अर्थ उजवीकडे काहीच नाही असा होत नाही. तिथे बारीक सूं असू शकतं, कमी आवाजातली कॉपी असू शकते, किंवा पंधराव्या मिनिटाला बोलायला लागणारा दुसरा माणूस असू शकतो. कानाने तेवीस मिनिटं तपासण्यापेक्षा मोजून घ्यायचं:

```
ffmpeg -hide_banner -i ovya.mp4 -vn -af astats=measure_overall=none:measure_perchannel=Peak_level+RMS_level -f null -
```

ही कमांड कुठलीही नवीन फाईल बनवत नाही, फक्त पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकते आणि दोन्ही चॅनलचे आकडे शेवटी सांगते. सुरुवातीला आणखी बरंच काही छापून येईल, त्याकडे एकाच गोष्टीसाठी बघा, `Audio:` असलेल्या ओळीत `stereo` लिहिलंय का. तिथे `mono` असेल तर फाईल मुळात एकाच चॅनलची आहे, ती दोन्ही कानात सारखीच वाजायला हवी, म्हणजे गडबड वाजवणाऱ्या यंत्रात आहे. `Input #0` पासून `Output #0` पर्यंतच्या भागात `Audio:` ओळी एकापेक्षा जास्त असतील तर कॅमेऱ्याने दोन वेगवेगळे ट्रॅक टाकलेत, मग दुसरा ट्रॅकही ऐकून बघा, कधीकधी चांगला आवाज तिथेच असतो.

आजीच्या फाईलचे आकडे असे आले, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीची कंसातली लांब शेपटी मी काढलीय:

```
Channel: 1
Peak level dB: -10.412338
RMS level dB: -31.077215
Channel: 2
Peak level dB: -61.205571
RMS level dB: -74.390118
```

चॅनल १ म्हणजे डावा, २ म्हणजे उजवा. `Peak` म्हणजे अख्ख्या फाईलमधला सगळ्यात मोठा क्षण आणि `RMS` म्हणजे ढोबळ सरासरी. शून्य ही वरची हद्द, तिच्या वर जागाच नाही, आणि आकडा जितका खाली तितका आवाज बारीक. म्हणजे डावीकडे सगळ्यात मोठा क्षण उणे साडेदहाच्या आसपास, हे चांगलं आहे, फाटलेला नाही आणि वर जागाही आहे. उजवीकडे तेवीस मिनिटांत एकदाही उणे एकसष्टच्या वर काही गेलं नाही. तिथे ओवी नाही, जातं नाही, फक्त कॅमेऱ्याच्या सर्किटचं सूं आहे. तुमच्याकडे उजवीकडे `-inf` आलं तर तो पूर्ण निखळ रिकामा.

पण समजा उजवीकडे उणे वीस-पंचवीस आलं असतं तर मी पुढे गेले नसते. काही वायरलेस माईकमध्ये एक सोय असते, तोच आवाज उजव्या चॅनलमध्ये थोडा कमी लेव्हलवर सेफ्टी म्हणून भरतात. डावीकडे कुणी ओरडल्यामुळे आवाज फाटला असेल, म्हणजे पीक शून्याला जाऊन चिकटलंय आणि ऐकताना खरखर येतेय, तर तिथे उजवाच कामाचा असतो. आणि दोन माईकच्या मुलाखतीत प्रश्न विचारणारा डावीकडे आणि उत्तर देणारा उजवीकडे असं सर्रास असतं. माझ्याकडे मागे एक मुलाखत आली होती त्यात पहिली नऊ मिनिटं उजवा चॅनल ठार शांत होता, कारण समोरच्याचा माईक चालू करायचाच राहिला होता, आणि नंतर तो चालू झाला. सुरुवातीचं मिनिटभर बघून मी नुसता डावा ठेवला असता तर त्या माणसाची सगळी उत्तरं गेली असती. म्हणून अख्खी फाईल मोजायची.

मिक्स करायचं नाही, डावा उचलून दोन्हीकडे ठेवायचा

नवीन माणूस नेट शोधून पहिली गोष्ट करतो ती म्हणजे स्टीरिओचं मोनो करणे, म्हणजे डावा आणि उजवा मिसळून टाकणे. ऐकायला बरोबर वाटतं, आवाज दोन्ही कानात येतो पण, मग बिघडलं काय? दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे सरळ सरासरी घेतली की डाव्यातल्या चांगल्या आवाजाला उजव्यातल्या रिकाम्याने भागलं जातं आणि तो सहा डेसिबलने खाली येतो, आजीचा आवाज आधीच हळू त्यात आणखी हळू. दुसरं म्हणजे उजवीकडचं सूं फुकट आत येतं आणि नंतर आवाज वाढवला की तेही वाढतं.

म्हणून मिसळायचं नाही. डावा चॅनल जसाच्या तसा घ्यायचा, नव्या फाईलच्या डावीकडे तोच ठेवायचा, उजवीकडेही तोच ठेवायचा, आणि जुना उजवा टाकून द्यायचा:

```
ffmpeg -i ovya.mp4 -map 0:v -map 0:a:0 -c:v copy -af "pan=stereo|c0=c0|c1=c0" -c:a aac -b:a 192k ovya-donhi.mp4
```

यातला जीव आहे तो `pan=stereo|c0=c0|c1=c0` एवढ्यात. `c0` म्हणजे डावा, `c1` म्हणजे उजवा, मोजणी शून्यापासून. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे नव्या फाईलचा चॅनल आणि उजवीकडे जुन्या फाईलचा. म्हणजे वाचायचं असं की नवा डावा म्हणजे जुना डावा, नवा उजवा म्हणजेही जुना डावा. तुमच्याकडे उलटं असेल, आवाज फक्त उजवीकडे, तर दोन्हीकडे `c1` लिहायचं, `c0=c1|c1=c1`.

ते डबल कोट्स काढू नका. मधली उभी रेघ काळ्या खिडकीसाठी वेगळाच अर्थ ठेवते, कोट्स नसतील तर कमांड तिथेच तुटते आणि `c0` नावाची कमांड सापडली नाही असलं काहीतरी येतं. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून कमांड कॉपी केली की कधीकधी कोट्स वाकडे, सजावटीचे होतात, तेही चालत नाहीत, ते हाताने परत टाइप करा.

`-c:v copy` म्हणजे चित्र आहे तसं उचलून ठेव, परत बनवू नको. त्यामुळेच तीन जीबीची फाईल माझ्या साध्या लॅपटॉपवर मिनिटभराच्या आत झाली. `-map 0:v` म्हणजे चित्र घे, `-map 0:a:0` म्हणजे पहिला आवाजाचा ट्रॅक घे, मघाशी चांगला आवाज दुसऱ्या ट्रॅकमध्ये सापडला असेल तर शेवटी `1` लिहा. आवाज मात्र बदलायचाय म्हणून तो नव्याने बनवावाच लागतो, त्यासाठी `aac` आणि `192k`, बोलण्या-गाण्याला हे भरपूर आहे.

आणि शेवटचं नाव वेगळंच हवं. जुन्याच नावावर लिहायला सांगितलं तर एफएफएमपेग नाही म्हणतो, आणि तसं नाव आधीपासून फोल्डरमध्ये असेल तर ओव्हरराइट करू का विचारतो, तिथे `y` दाबण्याआधी नाव नीट वाचा.

आवाज किती वाढवायचा

आता दोन्हीकडे आवाज आला पण आजी हळू गाते. दळताना वाकून गातात ना, श्वास जात्याच्या फेऱ्याला बांधलेला असतो, त्यामुळे काही ओळी जवळजवळ पुटपुटल्यासारख्या. आपल्याला मघाशी पीक उणे १०.४ मिळालाय. म्हणजे वर दहा डेसिबलची जागा मोकळी आहे. सगळी वापरायची नाही, एएसी बनताना पीक किंचित वर-खाली होतो म्हणून दोनएक डेसिबल सोडायचे. १०.४ मधून २.४ सोडले, राहिले ८:

```
ffmpeg -i ovya.mp4 -map 0:v -map 0:a:0 -c:v copy -af "pan=stereo|c0=c0|c1=c0,volume=8dB" -c:a aac -b:a 192k ovya-donhi.mp4
```

वरच्याच कमांडमध्ये स्वल्पविराम देऊन `volume=8dB` जोडलंय, बस. हे ओरिजिनल `ovya.mp4` वरच चालवायचं, आधी बनवलेल्या फाईलवर नाही, नाहीतर आवाज दोनदा दाबला जातो.

एक सांगायचं राहिलं, डावा आवाज दोन्हीकडे गेला की स्पीकरवर किंवा हेडफोनवर तो नुसत्या कॉपीनेसुद्धा आधीपेक्षा मोठा वाटतो, कारण आता दोन ठिकाणांहून येतोय. म्हणून आधी न वाढवता बनवून ऐका, गरज वाटली तरच `volume` टाका. आणि एखादा भांड्याचा ठणका किंवा टाळी यामुळे पीक आधीच उणे एक-दोनवर असेल, आणि बोलणं मात्र बारीक असेल, तर अशी सरळ वाढ चालणार नाही, तो ठणका फाटेल. तिथे ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या फुकट प्रोग्रॅममध्ये तेवढा ठणका सिलेक्ट करून हाताने खाली आणायचा आणि मग बाकीचं वाढवायचं.

जात्याची घरघर कमी करायची का असं भाच्याने विचारलं. मी नाही म्हटलं. त्या घरघरीवरच ओवी बसते, आजी ओळ कुठे सोडते आणि कुठे उचलते ते खुंट्याच्या फेऱ्यावरून कळतं, मधेच मूठभर ज्वारी घालायला थांबली की आवाज बदलतो तोही ऐकायला हवा. नॉइज काढणारे फिल्टर घरघरीबरोबर म्हाताऱ्या आवाजातला खर्जही खरवडून नेतात. आपण चॅनल दुरुस्त करतोय, आवाज नाही, हे डोक्यात ठेवलं की हात आवरता येतो.

झालं का ते तपासा

नव्या फाईलवर मोजणीची तीच कमांड परत चालवा, फक्त नाव `ovya-donhi.mp4`. दोन्ही चॅनलचे आकडे एकसारखे यायला हवेत. माझ्याकडे दोन्ही पीक उणे अडीचच्या आसपास आले, म्हणजे आठने वाढलं आणि फाटलंही नाही. एक चॅनल अजून खोल उणेमध्ये दिसला तर `pan` मध्ये टायपिंगची चूक आहे, बहुतेक वेळा `c1=c1` राहिलेलं असतं.

मग कानाने. नुसता उजवा इअरफोन घालून सुरुवातीचं अर्धं मिनिट, मधलं आणि शेवटचं. शेवटचं मुद्दाम बघा, ओठ आणि आवाज जुळतायत का. या पद्धतीत वेळ सरकायला नको पण मोबाईलवर शूट केलेल्या काही फाईलमध्ये फ्रेमरेट कमीजास्त होत असतो, त्या दुसऱ्या ॲपमधून फिरून आल्या असतील तर शेवटाकडे फरक दिसू शकतो. मी शेवटच्या मिनिटाला आजी पीठ भरून सूप जमिनीवर टेकवते तो क्षण बघितला, टेकल्याचा आवाज आणि हात बरोबर एकत्र आले.

काळी खिडकी नकोच असेल तर

ऑडॅसिटीने पण होतं, फक्त दोन टप्पे पडतात. व्हिडिओ ऑडॅसिटीत उघडायचा, त्यासाठी तिची एफएफएमपेग लायब्ररी लागते, नसेल तर ती स्वतःच सांगते. फक्त आवाज येतो, वरखाली दोन लाटा, वरची डावी आणि खालची उजवी. इथे एक फायदा आहे, अख्खी फाईल एका नजरेत दिसते, खालची लाट सरळ रेघ आहे की मधेच कुठे उठतेय ते लगेच कळतं.

ट्रॅकच्या नावाशेजारच्या बाणावर क्लिक केलं की मेन्यू येतो. त्यात `Split Stereo to Mono` निवडायचं. शेजारीच `Split Stereo Track` आहे, ते नको, कारण त्यात वरचा तुकडा डावीकडेच बांधलेला राहतो आणि लोक म्हणतात सगळं केलं तरी एकाच कानात येतंय. मोनोवालं केलं की खालचा ट्रॅक डिलीट करा, वरचा आपोआप मधोमध येतो. मग वेव्ह म्हणून त्याच फोल्डरमध्ये `ovya.wav` नावाने एक्सपोर्ट करा, सुरुवातीचं काहीही न कापता, कारण एक सेकंद जरी कापला तरी ओठ आणि आवाज तेवढेच चुकतात. नंतर तो आवाज व्हिडिओत परत बसवायला मात्र एक कमांड लागतेच:

```
ffmpeg -i ovya.mp4 -i ovya.wav -map 0:v -map 1:a -c:v copy -af "pan=stereo|c0=c0|c1=c0" -c:a aac -b:a 192k ovya-donhi.mp4
```

प्रीमिअर वापरत असाल तर ऑडिओ इफेक्टमध्ये `Fill Right with Left` आहे, तो क्लिपवर टाकला की काम झालं. एडिट करायचंच असेल तर तिथे करा, नुसता चॅनल बदलण्यासाठी अख्खा व्हिडिओ एक्सपोर्ट करायला मी सांगणार नाही.

जे परत येत नाही

दोन्ही कानात आवाज आला म्हणजे खरा स्टीरिओ आला असं नाही. डावीकडे चूल, उजवीकडे अंगणातली कोंबडी, असं दिशेचं ज्ञान त्या फाईलमध्ये कधी नव्हतंच, एकच माईक होता. आता आवाज डोक्याच्या मधोमध येतो आणि एका माणसाच्या आवाजाला तेच योग्य आहे. काही जण रुंदी यावी म्हणून उजवा चॅनल काही मिलिसेकंद उशिरा सोडतात. हेडफोनवर मोठं वाटतं खरं, पण एकाच स्पीकरच्या फोनवर दोन्ही एकत्र आले की उशिराचा आवाज पहिल्यातले काही सूर खातो आणि डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं होतं. आपल्या घरातले निम्मे लोक फोनच्या स्पीकरवरच ऐकतात, त्यामुळे हे टाळा.

याचाच एक चुलत प्रकार सांगून ठेवते कारण तो या दोषासारखा वाटतो पण नसतो. दोन्ही चॅनलचे आकडे सारखे, हेडफोनवर दोन्हीकडे आवाज, तरी फोनच्या स्पीकरवर जवळजवळ काहीच नाही. मोठा एक्सएलआर माईक चुकीच्या वायरने कॅमेऱ्याच्या स्टीरिओ जॅकला जोडला की असं होतं, उजवीकडे तोच आवाज उलटा होऊन जातो आणि दोन्ही मिसळले की एकमेकांना पुसतात. इथेही मोनो मिक्स केलं तर उरलासुरला आवाज जातो, आणि इथेही औषध तेच, डावा उचलून दोन्हीकडे.

हे झालं कशामुळे

फाईल काकांना पाठवली. त्यांनी तेवीस मिनिटं सलग ऐकली आणि फोन करून म्हणाले, मधे एके ठिकाणी ती माझ्या आईचं नाव घेते. आम्ही कुणी ते ऐकलंच नव्हतं, त्या ओळीला आवाज इतका खाली गेलेला होता.

मग मी भाच्याला माईक घेऊन ये म्हटलं आणि त्याची पिन बघितली. पिनेवरच्या काळ्या रेघा मोजायच्या. एक रेघ असेल तर पिनेचे दोनच भाग, ती मोनो. दोन रेघा म्हणजे तीन भाग, ती स्टीरिओ. तीन रेघा म्हणजे मोबाईलच्या हेडसेटची. कॅमेऱ्याचा जॅक स्टीरिओ असतो, टोकाला डावा, मधल्या कड्याला उजवा आणि मुळाशी अर्थ, म्हणजे ग्राउंड. याच्या माईकची पिन एका रेघेची होती. टोक डाव्याला बरोबर लागलं, पण जिथे उजव्याचं कडं हवं तिथे या पिनेचा अर्थाचा भाग आला, म्हणजे उजवा चॅनल सरळ अर्थला टेकला आणि तेवीस मिनिटं गप्प राहिला. माईक खराब नाही, कॅमेराही खराब नाही. मोनो माईक स्टीरिओ जॅकला लावायचा छोटा ॲडॅप्टर मिळतो, तो टोकाचा सिग्नल दोन्हीकडे वाटतो, दुकानात हेच शब्द वापरून मागायचा.

लॅपटॉपवर ऑडिओ इंटरफेस लावून ओबीएसमध्ये रेकॉर्ड करणाऱ्यांचं कारण वेगळं असतं, इंटरफेसचा पहिला इनपुट डावा आणि दुसरा उजवा समजला जातो, आणि माईक पहिल्यात लावलेला. तिथे ऑडिओ मिक्सरमधून `Advanced Audio Properties` उघडून त्या माईकसमोरच्या `Mono` वर टिक करायची. तिथे टिक केल्यावर लेव्हल खाली आलेली दिसली तर तेवढी वाढवून घ्या.

आणि शूटिंगच्या आधी दहा सेकंद रेकॉर्ड करून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच्या लेव्हलच्या दोन पट्ट्या बघा. बोलताना दोन्ही हलायला हव्यात. भाच्याच्या कॅमेऱ्यावर त्या दिवशी खालची पट्टी हललीच नसणार, ॲडॅप्टर लावून परत बघितलं तेव्हा दोन्ही बरोबरीने हलल्या. संक्रांतीला तो परत जाणार आहे, आजी म्हणालीय की अजून बऱ्याच ओव्या राहिल्यात.